‘फंक्शनल एज’ला मराठीत काय म्हणावं?

धरमपेठकर: आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळासाठी चालण्याचा वेग आणि हाताची पकड मोजायचा तक्ता मराठीत करतोय. ‘कार्यात्मक वय’ लिहिलं, तर एका आजींनी विचारलं, “म्हणजे कामाची किती वर्षं उरली?” दुसरा शब्द सुचवा.

शब्दवेडा: ‘शरीराचं वय’ करा. सहा मीटरला किती सेकंद लागले त्यावरून वय निघतंच की.

फिजिओताई: वय नाही निघत. स्नायूंच्या झिजेबद्दलचे २०१९चे आशियाई निकष फक्त रेषा आखतात. वेग सेकंदाला १ मीटरहून कमी, पकड पुरुषांची २८ आणि बायकांची १८ किलोहून कमी, तर पुढे तपासा, एवढंच. रेषेखाली आलं म्हणून कुणी ऐंशीचं होत नाही. मी ‘हालचालीची क्षमता’ लिहिते. पण मला काळजी सूचनेतल्या शब्दांची वाटते. काय लिहिलंय?

धरमपेठकर: ‘आरामात चाला.’ त्याच आजींना ६ मीटरला ७.५ सेकंद लागले. म्हणजे ०.८.

फिजिओताई: ‘आरामात’ म्हटलं की माणूस अंबाझरीच्या काठावर हवा खायला निघाल्यासारखा चालतो आणि ‘भरभर’ म्हटलं की शर्यत लावतो. मोजायची असते रोजची चाल. मी सांगते, “कोपऱ्यावरच्या दुकानात जाता तशा चाला.” आणि घड्याळ उभ्या जागेवरून लावलं का? तसं असेल तर पहिलं पाऊल उचलणं आणि शेवटी थांबण्यासाठी मंदावणं, दोन्ही त्या साडेसात सेकंदांत आलं. दोन्ही टोकांना दीड-दोन मीटर मोकळे सोडा, दोनदा चालवा, सरासरी घ्या.

वऱ्हाडची_पोर: माह्या आईची पकड १४ किलो आली. अंगठ्याच्या बुडाशी सांधा दुखते तिचा, दाबलं की कळ येते. पण भरली कळशी कडेवर घेऊन येते. तिले म्हातारी म्हणायचं का?

फिजिओताई: नाही. तिथे दुखण्यानं हात थांबवला, ताकदीनं नाही. दोन्ही हात मोजा, मोठा आकडा धरा, दुखतं का ते शेजारी लिहा. दोन्ही अंगठे दुखत असतील तर हात छातीशी बांधून खुर्चीवरून पाचदा उठा-बसायला सांगा. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पायांकडे बघावं लागेल.

शब्दवेडा: वयाचं माझं चुकलं. पण ‘पकड’ म्हणजे धरून ठेवणं. यंत्र तर क्षणभराचं आवळणं मोजतं. ‘मुठीचा जोर’ म्हणावं.

वऱ्हाडची_पोर: ‘जोर’ म्हटलं तर आई दात-ओठ खाऊन दाबीन ना!

फिजिओताई: दाबू दे, इथे पूर्ण जोरच हवा. चालताना मात्र नको. हा फरक तक्त्यात दिसला पाहिजे.

धरमपेठकर: आज सकाळी जागा मोकळी ठेवून, दुकानाचं सांगून परत मोजलं. आजींना ६.१ आणि ५.९ सेकंद लागले, म्हणजे बरोब्बर रेषेवर. ‘मुठीचा जोर’ घेतला. शेवटच्या रकान्याला अजून नाव नाही. ‘हालचालीची क्षमता’ मला पटतं, पण मंडळाच्या अध्यक्षांना तिथे ‘वय’ हवंच आहे.