शेवटचं पान आधी

"रोमान्स कादंबरीचा शेवट गोडच होणार हे माहीत असेल तर वाचायचं कशाला?"

नेमकं त्यासाठीच! जॅनिस रॅडवे या अमेरिकन अभ्यासिकेचं १९८४ चं 'रीडिंग द रोमान्स' हे पुस्तक यावर वाचण्यासारखं आहे. एका गावातल्या (तिनं गावाला 'स्मिथटन' असं बनावट नाव दिलंय) रोमान्स वाचणाऱ्या बायकांशी ती बोलली. चांगल्या रोमान्समध्ये काय हवंच, तर सुखान्त, हे उत्तर सगळ्यात वर आलं. त्यातल्या काहीजणी तर पुस्तक घेण्याआधीच शेवट वाचून बघायच्या. कारण मुखपृष्ठावर मिठी असली तरी आत नायक मरणार नाही याची खात्री कोण देणार?

या बहुतेक गृहिणी. दिवसभर घरातल्या सगळ्यांचं मन सांभाळायचं, त्यांचं सांभाळणारं कुणी नाही. पुस्तकाचा तासभर फक्त स्वतःचा. तिथेही रडायला लावलं तर फसवल्यासारखंच वाटणार. आणि शेवट कळला म्हणून उत्सुकता संपत नाही. सुरुवातीला तुसडा वागणारा नायक तसा का वागत होता, याचा उलगडा कसा होतो, त्यात खरी गंमत. तो उलगडा पटला नाही, तर शेवटी लग्न लावूनही पुस्तक फसतं.