स्मरणिकेसाठी आत्याचा परिचय: वीस मिनिटांत काय विचारू?

प्रेषक: ऋचा

मंडळी, नमस्कार.

दिवाळीच्या स्मरणिकेत या वर्षी बे एरियातल्या आपल्या डॉक्टरांवर पानं आहेत, आणि माझ्या आत्याचा परिचय माझ्या गळ्यात पडलाय. दीडशे शब्द. आत्या भूलतज्ज्ञ आहे. शनिवारी फोनवर वीस मिनिटं देते म्हणाली, तेही "ऑन कॉल आहे गं, मध्येच उठावं लागलं तर रागावू नकोस" असं बजावून. जुने अंक चाळले, तर जन्म, शिक्षण, छंद आणि शेवटी कुटुंबाचा पाठिंबा, इतकंच सगळ्यांच्या परिचयात. नावं अदलाबदल केली तरी कळायचं नाही. काय विचारू?

प्रेषक: सुहास

ऋचा, मुलाखत कशाला? गूगल फॉर्म कर, पंधरा प्रश्न टाक, आत्याबाई सवडीने भरतील. आमच्या ऑफिसात वेबसाइटवरचे परिचय असेच गोळा होतात. फोनवर ऐकताना साल चुकतं, स्पेलिंग चुकतं, मग दुरुस्त्या छापत बसा.

प्रेषक: नंदिनी

सुहासदादा, सालं आणि स्पेलिंगपुरतं तुमचं अगदी बरोबर. ते फोनवर विचारणं म्हणजे वीसातली पाच मिनिटं फुकट. पण फॉर्ममध्ये माणूस सहीशिक्क्याची भाषा लिहितो आणि तुम्हाला उलटून "म्हणजे काय?" विचारता येत नाही.

ऋचा, शुक्रवारपर्यंत पदव्या, कॉलेजं, सालं तूच लिहून काढ आणि तिला मेसेज कर: चूक असेल तेवढंच सांग. रिकामा फॉर्म भरायला तिला रविवार उजाडेल, पण चुकीचं साल दिसलं की ती दोन केसच्या मधेही उत्तर देईल. दुसरं, तिच्या घरातल्या कोणाला तरी आधी विचार की तिला कुठला किस्सा सांगायला लावू. स्वतःचे किस्से माणसाला ऐन वेळी आठवत नाहीत.

आता वीस मिनिटांचं. बोलताना माणूस मिनिटाला सव्वाशे-दीडशे शब्द बोलतो. ती पंधरा मिनिटं बोलली तरी तुझ्याकडे दोन हजार शब्द येतील, आणि छापायचे आहेत दीडशे. म्हणून सगळं आयुष्य गोळा करू नकोस. दोन प्रसंग नीट मिळाले की भरपूर झालं.

"तुझ्याबद्दल सांग ना" किंवा "प्रवास कसा होता" असं विचारलंस तर तयार उत्तर येईल, ते तिने दहा ठिकाणी दिलेलं असतं. त्यापेक्षा एखादा दिवस पकड. काल पहिल्या केसच्या आधी काय काय केलंस? रेसिडेन्सीच्या पहिल्या दिवशी तुला कोणतं काम दिलं? उत्तर आल्यावर लगेच पुढचा प्रश्न टाकू नकोस, दोन श्वास थांब. बरेचदा खरं वाक्य त्यानंतर येतं. आणि "खूप शिकायला मिळालं", "टीम छान होती" अशी वाक्यं यायला लागली की ओळख, गाडी तयार उत्तरावर गेली. तिथे "कधी? समोर कोण होतं?" एवढंच विचारायचं.

शेवटची चार मिनिटं राखून ठेव: काय छापायचं नाही, आणि नावं वाचून दाखवणं. ती उठून गेली तर हाच भाग राहतो, म्हणून सतराव्या मिनिटापर्यंत थांबू नकोस, पंधराव्यालाच सुरू कर.

रेकॉर्डिंग करणार असशील तर सुरुवातीलाच विचार. कॅलिफोर्नियात खाजगी बोलणं रेकॉर्ड करायला दोन्ही बाजूंची संमती लागते, मग ती आत्या का असेना.

प्रेषक: अविनाश

नंदिनीताई, तुमचं पाहुणं गप्प बसणारं दिसतंय. मी सासऱ्यांची मुलाखत घेतली, त्यांच्या पंच्याहत्तरीच्या पुस्तिकेसाठी. दोन श्वास थांबायला फटच नव्हती. वेळ संपली तेव्हा आम्ही मॅट्रिकच्या निकालाशी होतो, नोकरी, लग्न, रेल्वे सगळं पुढेच. अशा माणसाला कसं आवरायचं? तोंडावर "पुरे" म्हणता येत नाही, जावई आहे मी.

प्रेषक: नंदिनी

आवरू नका, उडी मारायला लावा. "दादा, हे सविस्तर पुन्हा ऐकतो, आधी रेल्वेतला पहिला दिवस सांगा." त्यांचाच शब्द उचलून प्रश्न केला की तोडल्यासारखं वाटत नाही. मॅट्रिकचा निकालही वाया गेला असं समजू नका, एवढा वेळ ते तिथे रमले तर त्यात काहीतरी असणार.

प्रेषक: ऋचा

झाली मुलाखत. चौदाव्या मिनिटाला हॉस्पिटलचा फोन आला आणि आत्या गेली, पण काय छापायचं नाही ते तिने जाता जाता सांगितलं.

काकांनी आधीच टीप दिली होती: "तिला दातांबद्दल विचार." विचारलं. म्हणाली, पहाटे मशीन आणि सक्शन स्वतः तपासते, औषधं भरून ठेवते, मग पेशंटला भेटते. "पाच मिनिटं असतात माझ्याकडे. शेवटचं कधी खाल्लंस, कुठला दात हलतोय का, घरात कोणाला भुलीचा त्रास झालाय का. माणूस भेदरलेला असतो. दाताचं विचारलं की हसतो. हसला की खरं सांगतो, रात्री बाराला सँडविच खाल्लं ते."

मग रेसिडेन्सी. पुण्याला एमडी होऊन ती स्वतंत्रपणे भूल देत होती. इथे पुन्हा इंटर्नपासून चार वर्षं. पहिल्या दिवशी तिला फक्त उभं राहून बघायला सांगितलं. इथे ती गप्प झाली, मीही थांबले. मग म्हणाली, "हात खिशात घालून ठेवले होते. बाहेर असते तर गेलेच असते नळीकडे."

मसुद्याची सुरुवात अशी केलीय:

"दात हलतोय का? ऑपरेशनआधीच्या पाच मिनिटांत डॉक्टर हे विचारतात, तेव्हा भेदरलेला पेशंट हसतो. पुण्याला एमडी होऊन स्वतंत्रपणे भूल देणाऱ्या या डॉक्टरांना अमेरिकेत पुन्हा चार वर्षं रेसिडेन्सी करावी लागली. पहिल्या दिवशी त्या हात खिशात घालून नुसत्या उभ्या होत्या."

पुढे एका पेशंटचा किस्सा आहे, वय, गाव आणि साल धरून. आणि एक अडचण. त्या चार वर्षांत काकांनी नोकरी सोडून मुलं सांभाळली. आत्या म्हणते, ते घालू नकोस. पण त्याशिवाय चार वर्षं कशी निघाली ते कळत नाही.

प्रेषक: नंदिनी

सुरुवात चांगली आहे, तिला हात लावू नकोस. पेशंटचं वय, गाव आणि साल तिन्ही काढ. नाव नसलं तरी या गावातला माणूस ओळखू येतो, आणि अडचणीत आत्या येईल. हॉस्पिटलचं नाव छापायचं तर तिने तिथे आधी विचारलेलं बरं.

काकांचं मात्र तिने नको म्हटलंय, तर नको.

प्रेषक: सुहास

मला नाही पटत. नोकरी काकांनी सोडली, मग परवानगी काकांची घ्या. आणि ऋचा, पूर्ण मसुदा आत्याला दाखव.

प्रेषक: नंदिनी

पूर्ण मसुदा दाखवला की तो परत येताना त्यात छंद आणि पाठिंबा घेऊन येतो, सुहासदादा. तिची वाक्यं आणि तपशील तेवढे दाखवायचे.

प्रेषक: ऋचा

काकांना फोन केला. ते म्हणाले, "घाल की, त्यात काय." आत्याला हे अजून सांगितलेलं नाही. ती गुरुवारपर्यंत नाइटला आहे आणि मजकूर बुधवारी जायचाय. संपादकांना विनंती: शेवटच्या दोन ओळींची जागा रिकामी ठेवता येईल का?