प्रतिसाद: शब्द शेवटाकडून फोडा

> "सोनोग्राफीत 'हायपरएकोइक फोकस' आणि 'कोलेसिस्टायटिस' लिहिलंय. हे शब्द फोडायचे कसे?"

मी नेहमी शेवटाकडून सुरू करतो. 'आयटिस' म्हणजे दाह. उरलेल्यात 'कोले' म्हणजे पित्त, 'सिस्ट' म्हणजे पिशवी. झाला पित्ताशयाचा दाह. मात्र दाह म्हणजे जंतुसंसर्गच असं नाही. खडा नळीच्या तोंडाशी अडकला की जंतूंशिवायही दाह सुरू होतो.

'हायपर'ने घाबरू नका. इथे कुठलाही आकडा वाढलेला नाही. 'एको' म्हणजे प्रतिध्वनी. आजूबाजूच्या भागापेक्षा जास्त ध्वनिलहरी परतवणारा ठिपका पडद्यावर पांढरा दिसतो, एवढंच. 'हायपो' असतं तर तो काळपट दिसला असता. हा पांढरा ठिपका खडा आहे का, हे पुढच्या ओळीत कळतं: त्याच्यामागे काळी सावली पडते आणि रुग्ण कुशीवर वळला की तो सहसा सरकतो, असं लिहिलं असेल तर बहुधा खडाच. पॉलिप म्हणजे पित्ताशयाच्या आतल्या भिंतीवर वाढलेला कोंब, तो भिंतीला चिकटलेला असतो, म्हणून सरकत नाही.

शस्त्रक्रियेचा विषय निघाला तर 'एक्टॉमी' म्हणजे काढून टाकणं. कोलेसिस्टेक्टॉमीत पित्ताशय जातं. पण मधला 'सिस्ट' नजरेतून सुटला तर कोलेक्टॉमी होतं, म्हणजे मोठं आतडं काढणं! माझ्या आत्याच्या जुन्या कागदांवर मी नेमकं हेच चुकीचं वाचलं आणि घरभर रडारड झाली. आणि नुसतं 'सिस्टायटिस' असेल तर पिशवी लघवीची, पित्ताची नव्हे. म्हणून मधलं एकही अक्षर गाळू नका.