कानून अल्-अव्वल म्हणजे जानेवारीच ना?

मेघना: ओळखीतल्या एका इंजिनिअरचं अनुभवपत्र इंग्रजीतून अरबीत करून द्यायचंय. तो अम्मानला चाललाय. तारखा दोनच: 1 डिसेंबर 2018 ला रुजू, 31 जानेवारी 2023 ला कार्यमुक्त. क्लासमध्ये आम्हाला यनायिर, फब्रायिर, मारिस असं शिकवलं. जॉर्डनला मात्र कानून, शुबात, आझार लिहितात म्हणे. मग जानेवारी म्हणजे कानून अल्-अव्वल, 'पहिला कानून'. आणि डिसेंबर कानून अस्-सानी, 'दुसरा'. बरोबर?

दोहाकर: कशाला त्या भानगडीत पडता? यनायिर लिहा, सगळ्या अरबांना कळतं. आमच्या ऑफिसातला लेबनीज अकाउंटंटसुद्धा पगारपत्रकावर यनायिरच लिहितो.

पाटीपेन्सिल: मेघना, नेमकं उलटं झालंय! पहिला कानून म्हणजे डिसेंबर, दुसरा म्हणजे जानेवारी. ही जोडी वर्षाच्या सांध्यावर बसलेली आहे. जुनं सुर्यानी वर्ष ऑक्टोबरात सुरू व्हायचं. आधी पहिला तिशरीन (ऑक्टोबर), दुसरा तिशरीन (नोव्हेंबर), मग दोन कानून. आपल्या पूर्वाषाढा-उत्तराषाढासारखं समजा. वर्षारंभ पुढे जानेवारीवर सरकला, नावं होती तिथेच राहिली.

आता तुमच्या पत्राचं काय होईल बघा. तुमच्या हिशोबाने तो 1 कानून अस्-सानी 2018 ला रुजू झाला आणि 31 कानून अल्-अव्वल 2023 ला सुटला. अम्मानचा कारकून ते 1 जानेवारी 2018 ते 31 डिसेंबर 2023 असं वाचणार. चार वर्षं दोन महिन्यांची नोकरी थेट सहा वर्षांची! पत्र कोणत्या तारखेचं आहे? 2023 च्या सुरुवातीचं असेल तर माणूस पत्रानंतर सुटलेला दिसेल. ही चूक पकडायची तीच जागा.

मेघना: बाप रे. बरं झालं विचारलं.

शैला_अलिबाग: अरबी महिने म्हणजे मोहरम, सफर ना? हे कुठले? आमच्या शेजारी बेने इस्राएल कुटुंब होतं, त्यांच्या कॅलेंडरवर मात्र निसान, तिश्री, तम्मूझ असायचं.

पाटीपेन्सिल: मोहरम-सफर हिजरी सनाचे. इथे प्रश्न इंग्रजी तारखांचा आहे. शेजाऱ्यांचं निसान आणि दमास्कसचं नैसान एकाच कुळातली, दोन्ही बाबिलोनकडून आलेली. पण ज्यू पंचांगातला निसान चंद्रावर चालतो, त्यांनाही आपल्यासारखा अधिक महिना लागतो. सीरिया, लेबनॉन, जॉर्डन, पॅलेस्टाईन, इराकमधला नैसान म्हणजे सरळ आपला एप्रिल, 30 दिवसांचा.

आणि दोहाकर, तुमचा अकाउंटंट कतारच्या कागदावर लिहितो म्हणून यनायिर लिहितो. घरी पत्र लिहिताना विचारा त्याला. कळण्यापुरतं तुमचं खरं आहे, पण 'सगळीकडे' नाही. ऑगस्टच घ्या: इजिप्त आणि आखातात अगुस्तुस, बैरूतला आब, अल्जीरिया-ट्युनिसात फ्रेंच वळणाचा औत, मोरोक्कोत गुश्त. कागद कुठल्या देशात सादर होणार, हे आधी विचारायचं. कंपनी कुठली, अनुवादक कुठे शिकला, हे गौण.

दोहाकर: मान्य. पण आखातासाठी तुम्ही कानून लिहिलंत तर तिथला कारकून बोटावर मोजत बसेल. शिवाय यूनिओ आणि यूलिओ, जून आणि जुलै, एका अक्षराचा फरक. फोटोकॉपी फिकट आली की संपलं. आमच्याकडे बोलताना म्हणूनच 'सहावा महिना', 'सातवा महिना' म्हणतात.

पाटीपेन्सिल: हा मुद्दा पक्का. तिकडे हझीरान आणि तम्मूझ यांत गोंधळ व्हायला जागाच नाही.

एक अपवाद लक्षात ठेवा. नाव घटनेचं असेल तर महिना बदलायचा नाही. 1973 चं युद्ध कैरोत 'ऑक्टोबर युद्ध', दमास्कसला 'तिशरीन युद्ध'. पण 1970 चा जॉर्डनमधला 'काळा सप्टेंबर' इजिप्शियन माणूसही 'ऐलूल अल्-अस्वद'च म्हणतो.

कळफलक: दोन्ही नावं लिहून टाकावीत. संयुक्त राष्ट्रांच्या अरबी कागदांत तसंच असतं, शामी म्हणजे सीरिया-जॉर्डनकडचं नाव आधी:

```
31 كانون الثاني/يناير 2023
```

अल् जझीरा हेच उलट्या क्रमाने, यनायिर आधी. संगणकावर `ar-JO` निवडलं तर कानून येतं, `ar-EG` ला यनायिर. नुसतं `ar` ठेवून विसंबू नका.

पाटीपेन्सिल: बातमीला, अहवालाला उत्तम. प्रमाणित अनुवादात मी करत नाही. मूळ पत्रात एकच नाव आहे, आपण दुसरं कुठून आणलं?

कळफलक: अर्थ तोच राहतो, भर कसली?

पाटीपेन्सिल: शिक्का माझा असतो, म्हणून. तुम्ही लिहा.

मेघना: मी एकेरीच ठेवते: 1 कानून अल्-अव्वल 2018, 31 कानून अस्-सानी 2023. पत्राची तारीख आत्ता पाहिली, नुसत्या आकड्यांत 06/02/2023. हा 6 शुबात की 2 हझीरान? दोन्ही 31 जानेवारीनंतरच पडतात.

पाटीपेन्सिल: भारतातली कंपनी असेल तर 6 शुबात. मुख्य कार्यालय अमेरिकेत असलं तर मी पैज लावणार नाही. पत्र देणाऱ्यांना फोन करा. तोवर आकडे आहेत तसेच ठेवा.