टेरेसवरचं सोलर: PV2 ला १२ व्होल्ट कमी का?

सुनील चौधरी, ए-२०३: राम राम मंडळी. आत्ता इन्व्हर्टरवर PV1 ४२९ आणि PV2 ४१७ व्होल्ट दाखवतंय. पॅनेलमागच्या लेबलवर ४९.५ लिहिलंय. बारा पॅनेलचे ५९४ व्हायला हवेत. पावणेदोनशे व्होल्ट गेले कुठे? ठेकेदाराला बोलवा.

हेमंत पाटील, सी-१०४: काका, ४९.५ हे वायर मोकळी असतानाचं व्होल्टेज. लोड असताना लेबलवरचा दुसरा आकडा बघायचा, ४१.६. तोही पॅनेल २५ अंशांवर असतानाचा. जळगावच्या मे महिन्यात दुपारी पॅनेल ६५ पर्यंत तापतं आणि दर अंशाला साधारण ०.३५ टक्के व्होल्टेज उतरतं. म्हणजे ४९९ चे ४२९. PV1 अगदी बरोबर आहे.

सुनील चौधरी, ए-२०३: मग PV2?

हेमंत पाटील, सी-१०४: तिथे मात्र काहीतरी आहे. PV1 आणि PV2 म्हणजे बारा-बारा पॅनेलच्या दोन माळा, स्ट्रिंग. दोन्ही स्ट्रिंगला तेच पॅनेल, तोच उतार, करंटही सारखाच १०.८ अँपिअर. मग १२ चा फरक पडायला नको. एका पॅनेलचे आत तीन भाग असतात, प्रत्येक भागाला एक बायपास डायोड, भाग सावलीत अडला की करंटला बाहेरून वळसा देणारा. या उन्हात एका भागाचे बाराच व्होल्ट होतात. आकडा बोलतोय.

विद्या महाजन, बी-३०१: टाकीची सावली पडते ना त्या बाजूला?

हेमंत पाटील, सी-१०४: पडते ताई, पण साडेतीननंतर. सावलीने भाग बायपास झाला तरी असेच व्होल्ट जातात, पण सावली सरकली की परत येतात. ॲपमध्ये सकाळचे आकडे बघा. आठला ऊन कोवळं, करंट जेमतेम २ अँपिअर, तेव्हा PV1 ४५२ आणि PV2 ४३९. फरक तेव्हाही १३. म्हणजे सावली नाही.

योगेश, बी-१०२: कनेक्टर ढिला असेल भो. गावाकडे पंपाच्या सोलरला दोन वेगळ्या कंपन्यांचे कनेक्टर एकमेकांत बसवले होते, वितळून चिकटले.

हेमंत पाटील, सी-१०४: तो धोका खराच. पण खराब कनेक्टरची घट करंटबरोबर वाढते. दुपारी १२ व्होल्ट खात असता तर सकाळी २ अँपिअरला दोन-सव्वादोनच खाल्ले असते. शिवाय १२ व्होल्ट गुणिले १०.८ म्हणजे १३० वॅट उष्णता बोटभर प्लास्टिकमध्ये. तो इतके दिवस टिकलाच नसता. मला डायोड शॉर्ट वाटतोय, म्हणजे त्याचा वळसा कायमचाच चालू राहिलाय. वळवाच्या पावसात विजा झाल्या, त्यातला झटका असू शकतो. रविवारी ओळखीचा टेक्निशियन येतोय. तोवर कोणी वर जाऊन कनेक्टर ओढायचा नाही. चालू लोडवर डीसी कनेक्टर सुटला की ठिणगी विझत नाही, हात भाजतो.

विद्या महाजन, बी-३०१: मुलांना टेरेसवर पाठवत नाही. दरवाजाची किल्ली वॉचमनकडे ठेवते.

*रविवार*

हेमंत पाटील, सी-१०४: सापडलं. आधी इन्व्हर्टर बंद, मग डीसी आयसोलेटर, क्लॅम्प मीटरवर करंट शून्य बघून मगच कनेक्टर उघडले. मीटर १००० व्होल्ट डीसीचा. बारा पॅनेल एकेक करून मोजत बसलो नाही. स्ट्रिंग मधोमध तोडली: सहाचे २६४, दुसऱ्या सहाचे २४९. कमी आलेल्या सहाचे तीन-तीन केले: १३२ आणि ११७. मग तीनच उरले. दोघांचे प्रत्येकी ४४, एकाचे २९. टाकीकडून दुसरं पॅनेल.

सुनील चौधरी, ए-२०३: सकाळी थर्मल कॅमेऱ्याने फोटोही काढला ना त्याने?

हेमंत पाटील, सी-१०४: हो, स्ट्रिंग चालू असताना. त्या पॅनेलवर उभी एक पट्टी बाकीच्यांपेक्षा गरम दिसत होती. त्या भागाची वीज बाहेर निघत नाही, तिथेच उष्णता होते. पॅनेलच्या पाठीमागे मध्यावर तीन छोटे डबे असतात, त्यातला एक तपकिरी पडलाय आणि झाकण किंचित फुगलंय.

योगेश, बी-१०२: डायोड वीस-पंचवीस रुपयांचा. बदलून टाकू ना.

हेमंत पाटील, सी-१०४: डब्यात सिलिकॉन ओतलेलं असतं, उकरलं की वॉरंटी गेली. नुसता डायोड गेला असता तर स्ट्रिंगच्या छत्तीसातला एक भाग, म्हणजे पावणेतीन टक्के नुकसान, मी चालू ठेवलं असतं. पण डबा भाजलाय, म्हणून पॅनेल काढून अकरावर स्ट्रिंग जोडली. आता PV2 ३९३ दाखवेल, घाबरू नका.

विद्या महाजन, बी-३०१: आणि बाकीचे डायोड ठीक आहेत कशावरून?

हेमंत पाटील, सी-१०४: चांगला प्रश्न ताई. शॉर्ट झालेला असा सापडतो. उघडा पडलेला, म्हणजे वळसाच तुटलेला डायोड मात्र व्होल्टेज पूर्ण दाखवतो आणि सावली पडेपर्यंत कळतच नाही. मग सावलीतला सेल भाजतो. म्हणून टाकीजवळची चार पॅनेल साडेचारला, सावली असताना, कॅमेऱ्याखाली परत बघायला सांगितलंय. तो खाली चहा घेतोय, चारला वर जाईल.

सुनील चौधरी, ए-२०३: वॉरंटीसाठी लेबलचा, सिरियल नंबरचा आणि त्या डब्याचा फोटो मला पाठव. अर्ज आजच टाकतो.

हेमंत पाटील, सी-१०४: पाठवतो. सोबत ४४ आणि २९ दाखवणारे मीटरचे फोटोही जोडा.