'सतत सुधारणा' की आणखी काही?

मुळाक्षर
एका झिंक प्लेटिंगच्या कारखान्याचं पर्यावरण धोरण मराठीत करून देते आहे. आयएसओ १४००१ या पर्यावरण व्यवस्थापनाच्या मानकासाठी ते गेटवर लावायचं आहे. तीन वचनं आहेत: प्रदूषण टाळू, कायद्याची बंधनं पाळू, आणि 'कंटिन्युअल इम्प्रूव्हमेंट' करू. पहिल्या दोनांचं काही अडलं नाही. तिसऱ्याला मी 'सतत सुधारणा' लिहिलं. तिथल्या फोरमनकाकांनी वाचून विचारलं, "सतत म्हणजे रोज? रोज काय सुधारायचं बाई, टाक्या त्याच, माल तोच." मग 'निरंतर' करून पाहिलं, तर ऑडिटची तयारी करून घेणारे सल्लागार म्हणाले की हा तर आणखी चुकला. का, ते त्यांनी सांगितलं नाही. कोणी सांगेल?

निरुक्तप्रेमी
सल्लागार बरोबर आहेत, कदाचित नकळत. निर् + अंतर, म्हणजे मध्ये फट नाही असं. 'सतत'ही तसलाच. 'तन्' म्हणजे ताणणे, त्यावरून 'संतत', त्याचाच 'सतत'. एकसारखं ताणलेलं. पिंडीवर धरतात ती संततधार. तुम्हाला हवी आहे ती सरीवर सर. ती थांबते, उघडीप देते, पुन्हा येते, पण पावसाळा चालूच असतो.

कायझेनकर
एवढा खल कशाला? सरळ जपान्यांचा 'कायझेन' लिहा. आमच्या चाकणच्या प्लँटमध्ये सगळे तेच म्हणतात, हेल्परसुद्धा. आणि आयएसओवाल्यांना दर वर्षी प्रत्येक बाबतीत सुधारणा दाखवावीच लागते, नाहीतर सर्टिफिकेट जातं. तेव्हा 'सतत'च बरोबर.

टाकीवाला
कायझेनकर, अर्धं बरोबर आहे. सुधारणा दाखवावी लागते हे खरं. पण प्रत्येक बाबतीत आणि एकाच वेळी, असं मानकात कुठे नाही. वेग किती, आवाका किती, मुदत किती, हे कारखान्याने ठरवायचं. २०१५ च्या आवृत्तीच्या जोडपत्रात तर स्पष्ट लिहिलंय की 'कंटिन्युअल' म्हणजे मध्ये खंड पडत चालणारं, 'कंटिन्युअस' म्हणजे खंड न पडता चालणारं, आणि सुधारणेला पहिलाच शब्द लावायचा. मुळाक्षरताई, सल्लागार 'निरंतर'वर अडले ते यामुळे.

माझं आयुष्य प्लेटिंगच्या सांडपाण्यात गेलं, म्हणून तिथलंच सांगतो. पीएच मीटर सतत चालतो, तिथे 'सतत' लिहा. सुधारणा मात्र पायरीसारखी असते. एक पायरी चढायची, तिथे पाय घट्ट रोवायचा, मग दुसरी.

रेवती_नागपूर
मला वाटतं 'शाश्वत' हवं. सरकारी कागदांत 'शाश्वत विकास' असतं ना? हिंदीत त्यालाच 'सतत विकास' म्हणतात.

निरुक्तप्रेमी
रेवतीताई, ते 'सस्टेनेबल'. वेगळं गाव. मात्र हिंदीतला तो 'सतत' आपल्याकडे घुसला तर गोंधळ दुप्पट होईल, हा मुद्दा चांगला काढलात. मराठी शब्द असताना हिंदीच्या वळचणीला कशाला जायचं? मी 'उत्तरोत्तर सुधारणा' सुचवतो. उत्तर म्हणजे नंतरचं, नंतरच्याच्याही नंतरचं. खंड चालतो, दिशा मात्र एकच.

कायझेनकर
'उत्तरोत्तर प्रगती होवो ही सदिच्छा.' खाली नगरसेवकाचा फोटो. कारखान्याच्या गेटवर वाढदिवसाचा फ्लेक्स लागलाय असं वाटेल.

निरुक्तप्रेमी
फ्लेक्सवाल्यांनी वापरला म्हणून शब्द बाटत नाही.

मुळाक्षर
टाकीवाले काका, ती पायरी जरा उलगडून सांगाल का? फोरमनकाकांना उदाहरण द्यावं लागेल. आणि धोरणाखालच्या चार टप्प्यांच्या वर्तुळात मी 'नियोजन, अंमलबजावणी, तपासणी, कृती' लिहिलंय. त्यावर ते म्हणाले, अंमलबजावणी केली की कृती झालीच, मग शेवटी परत कसली कृती?

टाकीवाला
फोरमन हुशार आहे. आधी उदाहरण घ्या.

माल टांगायची चौकट, म्हणजे जिग, प्लेटिंगच्या टाकीतून वर येते तेव्हा मालाच्या अंगाला द्रावण चिकटलेलं असतं. ते पुढच्या धुण्याच्या टाकीत जातं आणि तिथून सांडपाण्यात. झिंकही वाया आणि पाणीही खराब. कारखान्याने ठरवलं, धुण्याचं पाणी कमी करू. हे झालं नियोजन. केलं काय, तर जिग टाकीवर दहा सेकंद जास्त निथळू दिली.

आता तपासणी. इथेच लोक फसतात. आकडे सोपे करून सांगतो. समजा एप्रिलमध्ये ४५० घनमीटर पाणी लागलं आणि जूनमध्ये ३६०. वीस टक्के घट झाली म्हणून पेढे वाटाल. पण एप्रिलमध्ये ३०,००० चौरस मीटर मालावर प्लेटिंग झालं होतं आणि जूनमध्ये ऑर्डरच कमी, २०,०००. म्हणजे दर चौरस मीटरला १५ लिटर लागत होते, ते १८ झाले. सुधारणा नाहीच, घसरण आहे. पाण्याच्या मीटरशेजारी मालाचं क्षेत्रफळ लिहिलं नसेल तर हे कधीच कळत नाही.

मग कारण शोधायचं. लाइनवर उभं राहिलं की दिसतं. कामगाराचा पगार नगावर असेल तर दहा सेकंद निथळवायला कोण थांबेल? साहेब उभे असतात तेवढा वेळ निथळतं. त्यामुळे चौथा टप्पा म्हणजे नुसतं 'काहीतरी करा' नव्हे. क्रेनच्या टायमरमध्येच थांबण्याची वेळ बसवायची, कामाच्या सूचनेत ती लिहायची आणि पुढचं लक्ष्य त्यावरून आखायचं. जे शिकलो ते पक्कं करायचं, जे फसलं ते बदलायचं. त्याला तुमच्यात काय म्हणतात ते बघा. आमच्या भिंतीवर 'ठरवा, करा, तपासा, सुधारा' होतं.

कायझेनकर
'सुधारा' छान आहे. पण मूळ 'प्लॅन, डू, चेक, ॲक्ट' हे गुणवत्तातज्ज्ञ डेमिंगचं आहे, त्यात ढवळाढवळ नको. 'ॲक्ट' म्हणजे 'कृती'च.

टाकीवाला
मूळच म्हणाल तर ते डेमिंगच्या आधीच्या शूहार्टपर्यंत जातं. आणि स्वतः डेमिंग नंतर 'चेक'च्या जागी 'स्टडी' म्हणायला लागले, कारण नुसती टिकमार्क करण्यापुरता अर्थ त्यांना नको होता. म्हणजे ढवळाढवळ त्यांनीच केली. आपल्याकडे तर 'तपासणी' म्हटलं की इन्स्पेक्टर डोळ्यांपुढे येतो. रजिस्टरमध्ये महिनाभर पीएच ७.२, एकाच पेनने, एकाच बैठकीत लिहिलेलं. तपासणी झाली, कळलं काहीच नाही.

इचलकरंजीचा पाव्हणा
आमच्याकडं प्रोसेस हाउसला हेच केलं राव. पाणी कमी केलं तर सांडपाण्याचा रिपोर्ट बिघडला! आधी बरा यायचा. पाणी वाचवून गुन्हा केला का आम्ही? त्यापेक्षा पाणी सोडलेलं बरं.

टाकीवाला
पाव्हणं, गुन्हा नाही, गणित आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मर्यादा बहुतेक मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये असतात. घाण तेवढीच राहिली आणि पाणी निम्मं झालं, तर दर लिटरला घाण दुप्पट. आधी रिपोर्ट 'बरा' होता तो पाणी घालून पातळ केल्यामुळे. पाणी सोडून मर्यादा गाठणं हा उपाय नव्हे, ती नुसती लपवाछपवी.

प्लेटिंगमध्ये हे जास्त बोचतं. झिंकवर गंज टाळायला पिवळा थर देतात, पिवळं पॅसिव्हेशन, त्यात विषारी सहासंयुजी क्रोमियम असायचं, काही ठिकाणी अजून आहे. त्याची मर्यादा ०.१ मिलिग्रॅम प्रति लिटर. ते काढायला पाणी आम्लधर्मी करून, पीएच अडीच-तीनच्या आसपास, मेटाबायसल्फाइट घालतात. पिवळं पाणी हिरवट झालं की क्रोमियम त्रिसंयुजी, म्हणजे कमी विषारी, झालं. मग चुना घालून खाली बसवायचं. आता तुम्ही धुण्याच्या टाक्या उलट्या प्रवाहाने जोडल्या, म्हणजे ताजं पाणी शेवटच्या टाकीत घालून मागे आणलं, की पाणी पुष्कळ वाचतं, पण येणारं पाणी घट्ट होतं. ऑपरेटर मात्र सवयीने टाकीमागे तेवढीच पोती टाकतो. पाणी पिवळटच राहतं आणि तसंच पुढे जातं. म्हणून क्रम महत्त्वाचा. निथळण्याने घाणच कमी होते, ते आधी. उलटा प्रवाह पाणी कमी करतो, तो नंतर, आणि त्याच दिवशी डोस नव्याने ठरवायचा.

या दोन्हींच्या मध्ये काही महिने जातात. त्या महिन्यांत 'सुधारणा' होत नसते, बसलेली घडी मोडू नये एवढंच बघायचं असतं. म्हणून मला 'सतत' खटकतो.

रेवती_नागपूर
म्हणजे एवढं सर्टिफिकेट असूनही पाणी पिवळं जाऊ शकतं? मला वाटायचं आयएसओ असलं की प्रदूषण मर्यादेत असणारच.

टाकीवाला
जाऊ शकतं. मानकात एकही मर्यादा लिहिलेली नाही. मर्यादा कायद्याच्या आणि मंडळाच्या संमतीपत्रातल्या. मानक एवढंच म्हणतं की तुमची बंधनं ओळखा, ती पाळली जातात का हे ठराविक काळाने तपासा, आणि नसतील तर काय केलं ते दाखवा. प्रमाणपत्रही आयएसओ देत नाही, बाहेरच्या संस्था देतात.

निरुक्तप्रेमी
मूळ प्रश्नाकडे येऊ या का? 'वेळोवेळी सुधारणा' कसं वाटतं? खंडही आला, सोपंही आहे.

मुळाक्षर
'शासनाने वेळोवेळी सुधारित केल्याप्रमाणे'. वाचल्याबरोबर जीआर आठवतो. शिवाय वेळोवेळीमध्ये पुढे जाणं नाही, मनात येईल तेव्हा केल्यासारखं वाटतं.

कायझेनकर
लोक 'सतत'चा अर्थ एवढा ताणून घेत नाहीत हो. 'तो सतत फोन करतो' म्हणजे चोवीस तास फोन कानाला असतो का? मध्ये जेवतो, झोपतोही. वापरात खंड आहेच. 'तन्' धातू प्लँटमध्ये कोणाला ठाऊक आहे?

निरुक्तप्रेमी
हा मुद्दा मला आवडला नाही, पण उत्तर सुचत नाही. तरी तो फोन 'सतत' करतो हे आपण तक्रारीने म्हणतो. वचन देताना शब्द मोजूनमापून वापरावा.

इचलकरंजीचा पाव्हणा
टाकीवाले, ते 'निथळणं' आमच्यात वेगळंय. कापड पिळून टांगलं की निथळतं. आणि टाकीत गाळ खाली बसून पाणी वर स्वच्छ होतं ते 'निवळतं'. तुमचा ऑपरेटर कोणता शब्द वापरतो? आमचा पोरगा दोन्हीला 'सेटल झालं' म्हणतो.

टाकीवाला
तेच बरोबर. जिग निथळते, सांडपाणी निवळतं. पण आमच्याकडे निवळणीच्या टाकीलाच लोक 'सेटलर' म्हणतात आणि गाळाला 'स्लज'. 'गाळ' म्हटलं की विहिरीचा वाटतो, म्हणे.

निरुक्तप्रेमी
हा धोकादायक कचरा असतो ना? मग 'गाळ' नको. 'साका' म्हणा. तळाशी साचतो तो साका, जुना शब्द आहे.

कायझेनकर
साका? उद्या ड्रमवर 'साका' लिहिलं तर उचलायला येणारा गाडीवाला विचारेल, हे खायचं आहे का.

मुळाक्षर
ड्रमचं लेबलही मलाच करायचंय. त्यावर मराठीत नेमकं काय लिहितात, कोणाकडे नमुना आहे का?