मदत हवी आहे: प्रयोगशाळेत नीट चालणारा रोबो रंगमंचावर काळी रेषाच ओळखत नाही

चौथे_चाक: आमच्या चमूचा रेषेवरून चालणारा रोबो प्रयोगशाळेत सलग वीस फेऱ्या न चुकता पूर्ण करत होता. आज रंगमंचावर पहिल्याच वळणापूर्वी त्याने रेषा सोडली आणि तो स्वतःभोवती गरगर फिरत राहिला. कार्यक्रमात एका अक्षराचाही बदल केलेला नाही. उद्या सकाळी शेवटची फेरी आहे, त्यामुळे कृपया लवकर सांगा.

जुनी_बॅटरी: आमच्या बाबतीत हेच घडले होते आणि दोष बॅटरीचा निघाला. व्होल्टेज उतरले की मोटारी वेड्यासारख्या वागतात. बॅटरी बदलून पाहा.

चौथे_चाक: बॅटरी पूर्ण भरलेली होती.

तारजोड: सेन्सर कोणता, दिवे कोणते आणि उंबरठा किती, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही.

चौथे_चाक: इन्फ्रारेड परावर्तनाचे पाच सेन्सर आहेत आणि त्यांचे एलईडी वेगळ्या पिनवरून चालू-बंद करता येतात. वर हॅलोजनचे झोत आहेत, प्रयोगशाळेत एलईडी ट्यूब आहेत. `analogRead` ५०० च्या खाली आले की पांढरे, वर गेले की काळे, असे धरले आहे.

तारजोड: मग कारण बहुधा तेच आहे. एलईडी ट्यूबमधून इन्फ्रारेड जवळजवळ येत नाही, हॅलोजनमधून मात्र भरपूर येते. मंचावर दोन्ही रंगांवर एलईडी चालू आणि बंद ठेवून आकडे घ्या.

निळी_काच: आकडे कशाला? दृश्य प्रकाश अडवणारी काळी फिल्म सेन्सरवर लावा.

तारजोड: खिडकीच्या उजेडात तिचा काही उपयोग होईल, पण हॅलोजनचे इन्फ्रारेड त्या फिल्ममधून आरपार जाते.

चौथे_चाक: सरावाच्या वेळेत आकडे घेतले. एलईडी चालू असताना पांढऱ्यावर ४० आणि काळ्यावर २६० येतात. प्रयोगशाळेत हेच ९० आणि ८२० होते. एलईडी बंद केल्यावर पांढऱ्यावर ४० च राहतात, काळ्यावर ४६० होतात.

तारजोड: म्हणजे काळी रेषासुद्धा ५०० च्या खाली आल्याने रोबोला सगळीकडे पांढरेच दिसते. बंद आणि चालू आकड्यांची वजाबाकी करून बाहेरचा प्रकाश वगळण्याची युक्ती एरवी चांगली, पण इथे पांढऱ्यावर सेन्सर आधीच तुडुंब भरला आहे, त्यामुळे फरक शून्य येतो, काळ्यावर मात्र २०० येतो, म्हणजे सगळे उलटेच होईल. म्हणून आधी सेन्सरपट्टीभोवती काळ्या फोमचा पडदा जमिनीला जेमतेम न टेकेल असा लावा, आणि वजाबाकी त्यानंतर करा.

निळी_काच: उंबरठा १५० केला तरी चालेल की!

तारजोड: एका जागी चालेल. झोताच्या मध्यभागी आणि कडेला आकडे वेगळे येतील, तेव्हा काय करणार?

चौथे_चाक: पडदा लावला. आता पांढऱ्यावर बंद ७००, चालू ८०, म्हणजे फरक ६२०. काळ्यावर बंद ९००, चालू ७००, म्हणजे फरक २००. फरकाचा उंबरठा ४०० ठेवल्यावर सहापैकी पाच फेऱ्या नीट झाल्या. सहाव्या फेरीत मार्गाच्या दोन तुकड्यांच्या सांध्याला फोम अडकला आणि रोबो थबकला.

जुनी_बॅटरी: तिथे बॅटरी तपासली का?

तारजोड: पुढच्या बाजूचा फोम दोन मिलिमीटर कापा आणि पांढऱ्यावर पुन्हा एलईडी बंद ठेवून आकडा घ्या. तो ५०० च्या जवळ आला, तर कापणे थांबवा.

चौथे_चाक: कापतो. मंच सकाळी आठला उघडेल, तोवर आकडा घेता येणार नाही.